‘साखळी’ म्हणजे गाव की डाव? खो-खोच्या सराव-व्हिडिओला नाव, वयोगट आणि नियम कसे लिहावेत

गेल्या हिवाळ्यात मी एक व्हिडिओ यूट्यूबवर चढवला आणि शीर्षक दिलं, ‘साखळी सराव, भाग 2, गोवा’. आठ मुलं पाटीवर बसलेली आणि एक मुलगी त्यांच्यामधून नागमोडी पळतेय, असा तो व्हिडिओ. दुसऱ्या दिवशी पेडण्याहून एका शिक्षकांचा फोन आला. “साखळीत कुठल्या मैदानावर घेता हो? आमची चार मुलं पाठवू का?” मी राहतो वाळपईच्या बाजूला. साखळी हे डिचोली तालुक्यातलं गाव, आणि साखळी हा खो-खोतला पळण्याचा प्रकार. माझ्या शीर्षकात ‘खो-खो’ हा शब्दच नव्हता, मग त्या माणसाने दुसरं काय समजावं?

गंमत सोडा, पण त्या एका ओळीत तीन चुका होत्या. खेळाचं नाव नव्हतं, मुलांचं वय नव्हतं, आणि ‘भाग 2’ हे फक्त मला आणि भाग 1 पाहिलेल्या सहा जणांना कळणारं होतं. त्यानंतर शीर्षक, वर्णन, वेळखुणा आणि बाकीच्या सेटिंग यांची एक पद्धत मी बसवली. कबड्डीलाही ती चालते, पण इथे खो-खोचा एकच व्हिडिओ धरून सांगतो. व्हिडिओ 11 मिनिटं 40 सेकंदांचा आहे, गट 14 वर्षांखालील मुलामुलींचा, मैदान तांबड्या मातीचं आणि पाट्या चुन्याने मारलेल्या.

आधी वही, मग संगणक

चित्रीकरण झालं की लगेच शीर्षक सुचत नाही, आणि सुचलं तरी ते बहुतेक फसवं असतं. आपल्याला आठवतो तो शेवटचा, मजेचा भाग. म्हणून मी व्हिडिओ एकदा वही घेऊन पाहतो. प्रत्येक सराव सुरू होतो ती वेळ लिहितो आणि तिच्यापुढे चार गोष्टी लिहितो: मुलं काय करताहेत, किती जण आहेत, यातून नेमकं काय यायला हवं, आणि खऱ्या सामन्यापेक्षा इथे काय वेगळं केलंय. चौथी गोष्ट सगळे विसरतात. तिच्याकडे पुढे सविस्तर येतो, कारण नियमांचा सगळा घोळ तिथेच होतो.

या व्हिडिओची वही अशी झाली. पहिली 35 सेकंदं ओळख. 0:35 ला पाटीवर बसणं आणि उठणं, 2:50 ला साधा खो, 5:10 ला एकेरी साखळी, 8:05 ला खांबाजवळचं वळण, आणि 10:20 पासून शेवटपर्यंत मुलांना गोल बसवून सांगितलेले नियम.

मध्ये एक मिनिटभर मी एका मुलाच्या बुटाची नाडी बांधत होतो. वही लिहिताना ते लक्षात आलं आणि तो तुकडा कापला. वेळा लिहायच्या त्या कापाकापी पूर्ण झाल्यावरच, नाहीतर नंतरच्या सगळ्या वेळखुणा एक मिनिट पुढे सरकलेल्या राहतात. हे मी दोनदा भोगलंय.

सरावाला नाव देताना

मैदानावर आपण बोलतो तेच शब्द लिहावेत, मात्र त्यांना एक शेपूट जोडावं. ‘साखळी’ एवढंच लिहिलं तर काय होतं ते वर सांगितलंच. ‘एकेरी साखळी पळणे’ लिहिलं की गावाचा संशय उरत नाही आणि दुहेरी साखळीपासूनही ते वेगळं होतं. ‘उठणे’ एवढ्यावरही भागत नाही. पाटीवर बसण्याच्या दोन पद्धती मुलांना शिकवतात. एकीत दोन्ही पायांचे चवडे एका ओळीत, समांतर ठेवतात. दुसरीत एक पाय पुढे आणि एक मागे असतो, शर्यतीच्या सुरुवातीला धावपटू बसतो तसा. प्रशिक्षक यांना ‘पॅरलल टो’ आणि ‘बुलेट टो’ म्हणतात, आणि पंचांच्या किंवा प्रशिक्षकांच्या शिबिराला जाऊन आलेले शिक्षक हेच शब्द टाकून शोधतात. म्हणून मी वर्णनात ‘पाटीवर बसणे आणि उठणे: पॅरलल टो व बुलेट टो’ असं लिहिलं. मराठी आणि मैदानी इंग्रजी दोन्ही आलं, आणि वाचणाऱ्याला ओझंही झालं नाही.

खो देण्याचंही तसंच. साधा खो, उशिराचा खो, हूल देऊन दिलेला खो हे वेगवेगळे सराव आहेत. माझ्या व्हिडिओत फक्त साधा खो होता: बसलेल्याच्या मागून येऊन, हाताने स्पर्श करत, मोठ्याने ‘खो’ म्हणायचं. हूल देणं त्यात नव्हतं, तर शीर्षकात ‘खो देण्याचे सर्व प्रकार’ लिहिणं खोटं झालं असतं. असं लिहिणारे पुष्कळ असतात. शोधून आलेला शिक्षक तिसऱ्या मिनिटाला निघून जातो आणि पुन्हा येत नाही.

नावापुढे आकडे द्यावेत, पण मोजकेच. दुसऱ्या शाळेतल्या शिक्षकाला सराव उभा करायला लागतं तेवढं पुरे. एकेरी साखळीसाठी मी लिहिलं: ‘8 जण बसलेले, 1 पळणारा, पाट्यांमध्ये सुमारे 2 मीटर अंतर, प्रत्येकी 4 फेऱ्या, पाठलाग नाही.’ यात ‘पाठलाग नाही’ हे दोन शब्द सगळ्यांत कामाचे. पहिल्या टप्प्यावर पळणाऱ्याला मागून कोणी येत नसतं, फक्त पावलांची लय बसवायची असते. ते न लिहिल्यामुळे डिचोलीच्या एका मैत्रिणीने थेट पाठलागासह हा सराव घेतला. मुली खांद्याला खांदा आपटून पडल्या आणि रागावून तिने मला फोन केला. तिचा राग बरोबर होता.

‘किशोर गट’ म्हणजे किती वर्षांचे?

वयाच्या बाबतीत घोळ होतो, आणि तो आपल्याच शब्दांमुळे होतो. खो-खोच्या स्पर्धांत किशोर-किशोरी म्हणजे 14 वर्षांखालील आणि कुमार-मुली म्हणजे 18 वर्षांखालील. कबड्डीत मात्र किशोर गट 16 वर्षांपर्यंतचा आणि कुमार गट 20 पर्यंतचा असतो, शिवाय तिथे वजनाचीही मर्यादा असते. शाळांच्या स्पर्धांत 14, 17 आणि 19 वर्षांखालील असे आणखी वेगळे गट. म्हणजे ‘किशोर गटासाठी सराव’ असं शीर्षक कबड्डीवाल्याने वाचलं तर त्याच्या डोळ्यांसमोर दहावीतला पोरगा येतो आणि खो-खोवाल्याच्या डोळ्यांसमोर सातवीतला. एकाच शाळेत एकच सर दोन्ही खेळ घेतात, तेव्हा तर विचारूच नका.

तेव्हा शीर्षकात गटाचं नाव न लिहिता आकडा लिहावा: ‘14 वर्षांखालील’. वर्णनात हवं तर ‘किशोर-किशोरी’ घालावं, म्हणजे तो शब्द शोधणाऱ्यालाही व्हिडिओ सापडतो. ‘लहान मुलांसाठी’ हा प्रयोग मी पूर्ण सोडून दिला. अंगणवाडीपासून आठवीपर्यंत सगळे त्यात बसतात.

दुसरी बारीक गोष्ट. व्हिडिओत दिसणाऱ्या मुलांचं वय, सराव ज्यांना झेपेल त्यांचं वय आणि स्पर्धेचा गट, ही तीन वयं वेगळी आहेत. माझ्या व्हिडिओत 11 ते 13 वर्षांची मुलं होती. बसणं-उठणं नऊ वर्षांच्या मुलालाही शिकवता येईल. खांबाजवळचं वळण मात्र मी त्या वयाला देणार नाही, कारण तिथे वेगात येऊन एका हाताने खांब धरून अंग फिरवायचं असतं आणि लहान मुलांची पकड सुटते. हे मी एका ओळीत लिहिलं: ‘सराव 11 ते 13 वयाच्या मुलांवर घेतला आहे, खांबाजवळचे वळण त्याहून लहान मुलांना देऊ नये.’ स्पर्धेची पात्रता वर्णनातून सांगायच्या भानगडीत पडू नये. जन्मतारखेची अट त्या त्या स्पर्धेच्या परिपत्रकात असते, आणि आपल्या जुन्या व्हिडिओवर विसंबून कुणी मुलाचं नाव दिलं तर पंचाईत होते.

नियम लिहिताना कोणता खेळ, ते आधी सांगा

मूळ नियम चार-पाच वाक्यांत मावतात, पण पहिलं वाक्य ‘हे नियम कोणत्या प्रकारच्या खो-खोचे’ हे असायला हवं. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि भारताचे पुरुष व महिला असे दोन्ही संघ जिंकले. तो झाला मैदानात 7 खेळाडू उतरवणाऱ्या वेगवान प्रकारात. आपल्याकडे शाळेच्या मैदानावर खेळतात तो 9 जणांचा. मुलांनी टीव्हीवर एक पाहिलेलं असतं आणि आपण दुसरं शिकवत असतो. मीही आधीच्या एका वर्णनात दोन्हींची खिचडी केली होती: संघ 9 जणांचा लिहिला आणि पाळीची वेळ टीव्हीवरच्या सामन्याची. एका निवृत्त पंचांनी ती चूक अगदी शांतपणे, दोन ओळींत दाखवून दिली.

आता मी असं लिहितो: ‘9 खेळाडूंच्या पारंपरिक खो-खोचे मूळ नियम’. मग पाठलाग करणाऱ्या संघाचे 8 जण मधल्या पाटीवरच्या चौकोनांत बसतात, शेजारच्या दोघांची तोंडं एकमेकांच्या उलट दिशेला असतात, आणि नववा पाठलाग करतो. बसलेल्याने खो मिळाल्याशिवाय उठायचं नाही. पाठलाग करणाऱ्याने मधली पाटी ओलांडायची नाही आणि एकदा दिशा धरली की खांबापर्यंत पोचेपर्यंत मागे वळायचं नाही. खांबाच्या पलीकडच्या मोकळ्या भागात दिशेचं हे बंधन नसतं. पळणारे मात्र कुठूनही कुठेही जाऊ शकतात. ते तिघा-तिघांच्या तुकडीने उतरतात, आणि तिघेही बाद झाले की पुढची तुकडी येते. एक गडी बाद म्हणजे एक गुण.

एवढं पुरे. पाळीची मिनिटं मी लिहीत नाही. मोठ्यांच्या सामन्यात पाळी 9 मिनिटांची असते, लहान गटांना कमी वेळ देतात, आणि शाळांच्या सामन्यांत आयोजक वेळापत्रक पाहून ठरवतात. मैदानाची लांबी-रुंदीही तशीच. ज्या सरावाला आकडा लागतो त्याच्याच पुढे तो द्यावा.

आता वहीतली ती चौथी गोष्ट. साध्या खोच्या सरावात मी आठही मुलांना एकाच बाजूला तोंड करून बसवलं होतं. कारण साधं होतं. नवशिक्या मुलाला एका दिशेने पळत ओळीने खो देता यावा, बसलेल्यांची पाठ त्याला सतत दिसावी. सराव म्हणून ते ठीक आहे, पण तो नियम नाही. उलट नियम बरोबर उलटा आहे. व्हिडिओ चढवून आठवडा झाला असेल, कुणीतरी विचारलं, “सगळे एकाच तोंडाने बसलेत, हा कुठला नवा नियम?” आणि त्याच्याखाली दुसऱ्याने आत्मविश्वासाने लिहिलं, “14 वर्षांखाली असंच असतं.” म्हणजे माझ्या व्हिडिओने एक नवाच नियम जन्माला घातला.

तेव्हापासून प्रत्येक सरावाखाली ‘सरावापुरता बदल’ अशी एक ओळ असते. साध्या खोला: ‘सगळे एकाच दिशेला बसले आहेत, सामन्यात आळीपाळीने उलट बसतात.’ एकेरी साखळीला: ‘बसलेले उठत नाहीत, पाठलाग नाही.’ खांबाच्या वळणाला: ‘आठऐवजी चारच बसले आहेत.’ आणि बदल नसेल तर ती ओळ गाळायची नाही, ‘बदल नाही’ असं लिहायचं. नाहीतर विसरलो की मुद्दाम गाळलं, हे वाचणाऱ्याला कळत नाही. कबड्डीच्या व्हिडिओलाही हेच लागू पडतं. घोट्याची पकड शिकवताना चढाईपटूला आपण उभा राहायला सांगतो, 30 सेकंदांची मर्यादा सोडून देतो, आणि ‘कबड्डी कबड्डी’चा दमही धरायला लावत नाही. ते लिहिलं नाही तर पाहणारं पोर तेवढंच उचलतं.

आता सगळं एकत्र

शीर्षक आधी. यूट्यूब 100 खुणांपर्यंत शीर्षक घेतं, आणि देवनागरीत मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त हे सगळं वेगळं मोजलं जातं. आपल्याला दोन अक्षरं दिसतात तिथे त्याच्या हिशेबात चार होतात. शिवाय फोनवर लांब शीर्षकाची शेपटी कापली जाते. म्हणून खेळ आणि वय सुरुवातीला, सरावांची नावं नंतर, आणि गाव वगैरे वर्णनात. माझं शीर्षक असं:

```
खो-खो सराव | 14 वर्षांखालील | उठणे, साधा खो, एकेरी साखळी
```

हे मोकळ्या जागांसह 56 खुणांत बसतं. खांबाजवळचं वळण यात नाही, ते मुद्दाम. चौथं नाव घातलं असतं तर तेच फोनवर कापलं गेलं असतं. ‘सराव’ हा शब्द मात्र हवाच. 2023 साली राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या, तेव्हा नुसतं ‘गोवा खो-खो’ लिहून आपण सामन्यांच्या रांगेत जाऊन बसतो आणि शिकवणारा व्हिडिओ शोधणाऱ्याला दिसतच नाही.

वर्णनाच्या पहिल्या दोन ओळी सगळ्यांत किमती, कारण बाकीचं उघडल्याशिवाय दिसत नाही. त्यांत कोणासाठी आणि काय, एवढंच लिहावं. ‘नमस्कार मित्रांनो, आमच्या चॅनेलवर आपलं स्वागत’ तिथे नको. त्याखाली वेळखुणा:

```
शाळेतील क्रीडाशिक्षकांसाठी: 14 वर्षांखालील
नवशिक्या खो-खो खेळाडूंचे 4 सराव आणि मूळ नियम.

0:00 ओळख
0:35 पाटीवर बसणे आणि उठणे
2:50 साधा खो
5:10 एकेरी साखळी पळणे
8:05 खांबाजवळचे वळण
10:20 मूळ नियम
```

या वेळखुणांमुळे व्हिडिओच्या पट्टीवर भाग पडतात, पण काही अटी पाळल्या तरच. पहिली वेळ `0:00` हवी. निदान तीन वेळा हव्यात, त्या चढत्या क्रमाने हव्यात आणि प्रत्येक भाग किमान 10 सेकंदांचा हवा. माझ्या एका व्हिडिओत पहिली ओळ `0:05` अशी होती, कारण पहिली पाच सेकंदं नुसती काळी होती. एकही भाग पडला नाही आणि मी दोन दिवस इंटरनेटला दोष देत बसलो. दुसरी खास मराठी चूक म्हणजे आकडे देवनागरीत लिहिणं. ‘०:३५’ वाचायला सुंदर दिसतं, पण ते वेळ म्हणून ओळखलं जात नाही. वेळा `0:35` अशाच लिहाव्यात. आणि वर्णनात `<` किंवा `>` ही चिन्हं चालत नाहीत. ‘वय < 14’ असं लिहायला जाऊ नये, शब्दांत लिहावं.

वेळखुणांच्या खाली एकेका सरावाची ओळ, तिच्याखाली ‘सरावापुरता बदल’, आणि शेवटी नियम, या क्रमाने वर्णन पुरं होतं. 5000 खुणांची मर्यादा असते. मी हजार-बाराशेच्या वर कधी गेलो नाही.

वयाच्या दोन खोट्या जागा

व्हिडिओ चढवताना वयाबद्दल दोन प्रश्न येतात, आणि दोन्हींचा ‘14 वर्षांखालील’शी काही संबंध नाही. पहिला, व्हिडिओ मुलांसाठी बनवलेला आहे का. तिथे `Yes, it's made for kids` आणि `No, it's not made for kids` असे दोन पर्याय असतात. व्हिडिओत मुलं दिसतात म्हणून ‘हो’ म्हणायचं, असं नाही. व्हिडिओ कोणाशी बोलतोय, ते पाहायचं. माझा व्हिडिओ ‘मुलांना असं बसवा, इथे हात धरू देऊ नका’ असं शिक्षकांशी बोलतो, म्हणून मी ‘नाही’ निवडलं. तोच व्हिडिओ गाणी, चित्रं आणि ‘चला मित्रांनो, उडी मारा’ अशा थाटाचा असता, तर प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणायला हवं होतं. ‘हो’ म्हटलं की प्रतिक्रिया बंद होतात आणि पाहणाऱ्याला तो व्हिडिओ आपल्या यादीत साठवता येत नाही. शिक्षकांना तर साठवायचाच असतो. पण तेवढ्यासाठी खोटं उत्तर देऊ नये, ती कायद्याची बाब आहे.

दुसरी जागा त्याच्याखाली लपलेली असते: `Age restriction (advanced)`. तिथला `Yes, restrict my video to viewers over 18` हा पर्याय प्रौढांच्या मजकुरासाठी आहे. माझ्या ओळखीच्या एका प्रशिक्षकाला वाटलं, वयोगट इथेच भरायचा. त्याने तो निवडला आणि महिनाभर विचारत होता की शाळेच्या फोनवर व्हिडिओ का उघडत नाही. 13 वर्षांच्या पोरांचा पाटीवर बसण्याचा व्हिडिओ, आणि तो पाहायला लॉगिन करून 18 वर्षं पूर्ण असल्याचं दाखवायचं! वयोगटासाठी वेगळा रकाना यूट्यूबवर नाही. तो शीर्षकात आणि वर्णनातच लिहावा लागतो.

भाषा आणि टॅग

`Show more` दाबलं की `Video language` दिसतं. इथे गोव्याची खास अडचण येते. मी समजावतो मराठीत, पण मुलांना हाका मारताना कोंकणी येतेच: ‘धांव रे, धांव!’ ज्या भाषेत समजावलंय ती भाषा निवडावी, हाकांची नव्हे. मी मराठी ठेवली. उलट कुणी पूर्ण सराव कोंकणीत घेऊन वर्णन मराठीत लिहिलं असेल, तर भाषा कोंकणी ठेवून वर्णनात ‘सूचना कोंकणीत आहेत’ अशी ओळ घालावी, म्हणजे कोल्हापूरचा शिक्षक गोंधळणार नाही.

टॅगवर वेळ घालवू नये. यूट्यूब स्वतःच सांगतं की त्यांचा उपयोग मुख्यतः चुकीच्या किंवा वेगळ्या लेखनासाठी आहे. आपल्याला तो उपयोग आहेच, कारण एकाच खेळाची तीन रूपं लोक टाइप करतात, आणि रोमन लिपीतली वेगळी:

```
खो खो, खोखो, खो-खो सराव, kho kho drills,
kho kho under 14, kho kho single chain
```

एवढे सहा पुरेत. ‘कबड्डी’ हा टॅग गर्दी ओढण्यासाठी घालू नये. व्हिडिओत कबड्डी नाही.

मुलांची नावं नकोत

वर्णनात मुलाचं नाव, शाळेचं नाव किंवा ‘रोज संध्याकाळी पाचला अमुक मैदानावर’ असं काहीही लिहू नये. शाबासकी म्हणून नावं लिहायचा मोह होतो, आणि पालकांनाही आवडतं. पण कोणतं मूल, कुठे, किती वाजता, हे सगळं एका जागी अनोळखी माणसाच्या हाती जातं. मी फक्त ‘सत्तरी, गोवा’ लिहितो, आणि व्हिडिओ चढवण्याआधी प्रत्येक पालकाची लेखी परवानगी घेतो. शर्टावर शाळेचं नाव आणि पाठीवर मुलाचं नाव छापलेलं असेल तर वर्णनातून गाळून उपयोग नाही. सरावाच्या दिवशी साधे शर्ट घालून बोलवावं.

व्हॉट्सअ‍ॅपवर गेल्यावर

आमच्याकडे निम्मे शिक्षक यूट्यूब उघडतच नाहीत, फाइल गटावरच मागतात. फाइल गेली की वर्णन मागे राहतं आणि नुसता व्हिडिओ फिरतो. त्यावर मी दोन उपाय करतो. एक, व्हिडिओच्या सुरुवातीच्या ओळखीतच पडद्यावर ‘खो-खो, 14 वर्षांखालील, 9 जणांचा खेळ’ ही पाटी दाखवतो, आणि प्रत्येक सरावाच्या सुरुवातीला त्याचं नाव आणि बदलाची ओळ. दोन, फाइलचं नाव नीट देतो:

```
khokho_u14_uthane_sadhakho_ekerichain.mp4
```

इथे `sakhali` लिहिलं नाही, हे लक्षात आलंच असेल. फाइल व्हिडिओ म्हणून पाठवली तर व्हॉट्सअ‍ॅप ती दाबून लहान करतं आणि नाव बदलतं. दस्तऐवज म्हणून पाठवली तर नाव तसंच राहतं.

चढवल्यानंतर

दुसऱ्या कुणाचा तरी, लॉगिन नसलेला फोन घ्यावा आणि व्हिडिओ शोधावा. शीर्षक कुठे कापलं जातंय ते पाहावं, प्रत्येक वेळखूण दाबून सराव तिथेच सुरू होतो का ते तपासावं. मग खो-खो न खेळलेल्या एखाद्या माणसाला फक्त वर्णन वाचायला द्यावं आणि विचारावं, “मुलं कोणत्या दिशेला तोंड करून बसतात?” त्याने सरावातली बैठक सांगितली तर बदलाची ओळ नीट उतरलेली नाही.

शीर्षक आणि वर्णन केव्हाही बदलता येतं, पण व्हिडिओतलं बोलणं बदलायचं तर नवा व्हिडिओ चढवावा लागतो आणि जुना दुवा वाया जातो. माझ्याकडून हे झालंच. नियम सांगताना मी म्हणून गेलो की पाठलाग करणाऱ्याने मधली पाटी ओलांडली की तो बाद. पाठलाग करणारा बाद होत नसतो, ते फाऊल असतं. पंच त्याला उलट दिशेला जायला लावतात आणि त्या फाऊलच्या भरात गडी टिपला गेला असेल तर तो बाद धरत नाहीत. व्हिडिओ तसाच ठेवला आणि वर्णनाच्या अगदी वर, वेळखुणांच्याही आधी, एक ओळ घातली:

```
दुरुस्ती (‘मूळ नियम’ हा भाग): मधली पाटी ओलांडणे हे फाऊल आहे,
पाठलाग करणारा बाद होत नाही.
```

पेडण्याच्या त्या सरांना नवा दुवा पाठवला. त्यांनी पहिली ओळ वाचून उत्तर दिलं, “आता कळलं. पण साखळीत मैदान आहे का, ते सांगा.”